8 तारखेचा चेक 10 तारखेला का गेला, आणि पूर्ण रकमेचा का गेला: हर्णैच्या दुकानातून उत्तर

"जुलैत 2,40,000 चा माल घेतला, चार चेक दिले. पंप परत केला, 18,500 कमी करतो म्हणून लिहून दिलंत, तरी चेक पूर्ण 60,000 चाच टाकलात. 8 तारखेचा चेक 10 ला टाकलात, परत आला, बँकेने 590 रुपये कापले. वर तुमच्या माणसाचा नोटिशीचा फोन. आणि चेक देऊनसुद्धा खाते-उताऱ्यात बाकी तशीच. एक तारा."

दादा, नमस्कार. आमच्या दुकानाला तुम्ही एकच तारा देऊन लिहिलेला हा अभिप्राय वाचला. तुमचं आणि तुमच्या नौकेचं नाव मी इथे लिहीत नाही. आकडे लिहितोय, कारण परवा फोनवर तुम्हीच म्हणालात, "लिहा, बाकीच्यांनाही कळू दे."

चूक आमची आहे. ती कुठे झाली ते शोधायला मला आणि आमच्या अकाउंटंटना एक पूर्ण संध्याकाळ लागली, आणि जे सापडलं ते बंदरावर उधारीचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत जाळी नवी होतात, इंजिन उघडतं, होडीला रंग लागतो. खर्च सगळा पावसात आणि पैसा हंगाम सुरू झाल्यावर, म्हणून आपल्याकडे पुढच्या तारखांचे चेक घ्यायची पद्धत पडली. तुमची चार बिलं झाली: 3 जुलैचं जाळ्याचं 84,000, 14 जुलैचं दोर, बोये आणि शिशाचं 31,000, 22 जुलैचं इंजिनाच्या सुट्या भागांचं 67,000 आणि 29 जुलैचं रंग-रेझिनचं 58,000. बिलं अशी कमी-जास्त, पण चेक तुम्ही सोयीसाठी सारखे दिलेत. 60,000 चे चार, तारखा 8 ऑक्टोबर, 8 नोव्हेंबर, 8 डिसेंबर आणि 8 जानेवारी. बेरीज चोख जुळली, आम्हीही हो म्हटलं.

गोम इथेच आहे. चेक सारखे आणि बिलं वेगवेगळी असली की कुठला चेक कुठल्या बिलापोटी, हे चेकवर कुठेच दिसत नाही. आमचे अकाउंटंट जुनं बिल आधी फेडून घेतात. म्हणजे पहिला चेक अख्खा जाळ्याच्या बिलात गेला. दुसऱ्या चेकातून जाळ्याचे उरलेले 24,000, दोर-बोयांचे 31,000 आणि इंजिनाच्या बिलातले फक्त 5,000 फिटायचे होते. इंजिनाच्या बिलाचा मोठा भाग त्यांच्या हिशेबाने तिसऱ्या चेकात होता.

आता 14 ऑक्टोबरची गोष्ट. पंपाचं माप बसलं नाही म्हणून तुम्ही तो परत आणलात. काउंटरवरच्या आमच्या मुलाने 18,500 ची क्रेडिट नोट केली आणि तिच्या तुमच्याकडच्या प्रतीवर पेनने लिहिलं, "8 नोव्हेंबरच्या चेकात वजा". त्याच्या दृष्टीने सरळ होतं: पुढचा चेक तोच, त्यातून वजा. अकाउंटंटकडे गेलेल्या प्रतीवर मात्र ही ओळ नव्हती, कारण ती नंतर हाताने लिहिलेली. त्यांनी क्रेडिट नोट इंजिनाच्या बिलाला लावली, ते बिल 48,500 झालं, आणि त्यांच्या मते फरक पडणार होता तो पुढच्या चेकांना. नोव्हेंबरच्या चेकाला त्यांनी हात लावला नाही.

हिशेब म्हणून ते चुकले नव्हते. त्या दिवशी तुमच्याकडून येणं होतं 1,61,500, म्हणजे 60,000 चा चेक बाकीपेक्षा जास्त नव्हता. पण आमच्या दुकानाने तुम्हाला लेखी शब्द दिला होता, आणि तुम्ही त्या शब्दावर खात्यात 42,000 ठेवलेत. दुकानाने लिहून दिलेलं गिऱ्हाइकाने खरं मानायचंच असतं. आमच्या दोन माणसांच्या दोन हिशेबांत तुमचा चेक अडकला, यात तुमचा काडीचा दोष नाही.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. चेक 60,000 चा असताना आम्ही त्यातले 41,500 च घेऊ शकत नाही. रक्कम खोडून दुरुस्त केलेला चेक क्लिअरिंगमध्ये चालत नाही, खाली सही केली तरी नाही. आता चेकचं चित्र पाठवून क्लिअरिंग होतं, त्यात रकमेत किंवा नावात खाडाखोड असेल तर नवा चेकच लागतो. म्हणून "वजा करतो" या दोन शब्दांचा खरा अर्थ "जुना चेक परत देतो, 41,500 चा नवा द्या" एवढाच होऊ शकतो. हे आमच्या मुलाने त्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्यालाच माहीत नव्हतं, आणि ते शिकवणं माझं काम होतं.

आता तारखेचं. 8 नोव्हेंबर हा दुसरा शनिवार होता, बँक बंद. 9 ला रविवार. त्यामुळे चेक सोमवारी 10 ला सकाळी भरला. तारीख सुट्टीवर आली तर चेक नंतरच्या कामाच्या दिवशीच जातो. आधी भरला तर तारीख झालेली नाही म्हणून बँक तो परत करते. पण सोमवारी जाणार हे आम्ही तुम्हाला शुक्रवारी कळवलं नाही. तुम्हाला वाटलं शनिवार गेला, म्हणजे चेक अजून टाकलेला नाही, आणि सोमवारी दुपारी तुम्ही डिझेलला पैसे काढलेत.

यात आणखी एक बदल आहे, जो बंदरावर अजून बऱ्याच जणांच्या लक्षात आलेला नाही. पूर्वी आज भरलेला चेक साधारण उद्या खात्यातून जायचा, त्यामुळे चेक टाकल्याचं कळल्यावर पैसे भरायला एक रात्र मिळायची. 4 ऑक्टोबर 2025 पासून रिझर्व्ह बँकेने ते बदललं. आता दिवसभरात चेक जसजसे येतात तसतसे पुढे जातात, आणि समोरच्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी 7 च्या आत हो किंवा नाही सांगावं लागतं. म्हणून तुमचा चेक सोमवारीच परत आला. तुम्ही डिझेलचे पैसे काढले नसते तरी 42,000 मध्ये 60,000 चा चेक वटला नसता, म्हणून हे कारण पुढे करून मी आमची चूक झाकत नाही. पण डिसेंबर आणि जानेवारीच्या चेकांसाठी हे ध्यानात ठेवा: रक्कम त्या दिवशी सकाळी खात्यात हवी.

नोटिशीच्या फोनबद्दल मी मनापासून माफी मागतो. चेक न वटल्याबद्दलच्या 138 कलमाची नोटीस द्यायची तर चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत द्यावी लागते. ती हातात पडल्यावर चेक देणाऱ्याला पैसे भरायला 15 दिवस मिळतात, आणि ते गेले तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार. या मुदती चुकल्या की त्या परताव्यावरचा हक्क हातचा जाऊ शकतो, म्हणून आमच्याकडे परत आलेल्या प्रत्येक चेकामागे तिसऱ्या दिवशी फोन जातो. पण फोन करणाऱ्याने आधी तुमचं खातं उघडून बघायला हवं होतं. क्रेडिट नोट तिथे होती. तुम्हाला नोटीस पाठवलेली नाही, आणि या चेकावर पाठवणारही नाही.

उलट मला धास्ती वाटली ती जानेवारीच्या चेकाची. समजा नोव्हेंबरचा चेक 60,000 ला वटला असता, डिसेंबरचाही वटला असता. तर 8 जानेवारीला तुमच्याकडून येणं उरलं असतं 41,500, आणि आमच्या लखोट्यात चेक असता 60,000 चा. कोणाच्या लक्षात आलं नसतं तर आम्ही बाकीपेक्षा मोठा चेक टाकला असता. चेक दिल्यानंतर काही रक्कम फिटली आणि ती चेकवर नोंदवली नाही, तर पूर्ण रकमेच्या त्या चेकावर 138 टिकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. मालिकेतली चूक अशी शेवटच्या चेकापर्यंत झाकलेली राहते. तुम्ही ओरड केलीत म्हणून ती दुसऱ्याच चेकावर उघडी पडली.

खाते-उताऱ्यातली बाकी मात्र बरोबर आहे, दादा. पुढच्या तारखेचा चेक हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही. आम्ही पावती कॉम्प्युटरवर टॅलीत `Ctrl+T` दाबून पोस्ट-डेटेड करून ठेवतो, ती तारीख येईपर्यंत हिशेबात धरली जात नाही. म्हणून चार चेक देऊनही उतारा जुलैत 2,40,000 च दाखवत होता. त्याने गैरसमज होतो हे मान्य. या महिन्यापासून उताऱ्याच्या खाली "आमच्याकडे असलेले चेक" म्हणून नंबर, तारीख आणि रक्कम वेगळी छापतोय.

आमच्या चेकच्या वहीत आतापर्यंत एकच तारीख होती, चेकवरची. आता तीन आहेत: चेकवरची, बँकेत खरी भरायची, आणि चेक शिळा व्हायची, म्हणजे चेकवरच्या तारखेपासून तीन महिने. तिसरी तारीख तुमच्याही कामाची आहे. वारं सुटलं, होडी किनाऱ्याला राहिली, तर "आठ दिवस थांबा" म्हणून आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगा. त्या तीन महिन्यांच्या आत आम्ही थांबू शकतो, आणि थांबायचं ठरलं की वहीत तसं लिहून तुम्हाला त्याचा फोटो पाठवू.

सारखे चेक यापुढेही घेऊ, ते तुमच्या सोयीचे आहेत. पण सोबत एक कागद करू, कुठल्या चेकातून कुठल्या बिलाचे किती, आणि त्यावर दोघांच्या सह्या. माल परत आला तर क्रेडिट नोट छापण्याआधी त्या चेकाचा लखोटा काउंटरवर आणायचा, गिऱ्हाइकासमोर चेक बदलायचा आणि कागद नवा करायचा. हे काम मी त्या मुलाकडेच दिलंय. त्याने मागच्या आठवड्यात जुने सगळे लखोटे काढून प्रत्येकावर पेन्सिलने बाकी लिहिली.

तुमचे 590 रुपये तुमच्या खात्यात जमा केलेत, बँकेने आमच्याकडून कापलेला आकारही आम्हीच सोसलाय. परत आलेला चेक तुम्हाला हातात दिला, 41,500 चा नवा 24 नोव्हेंबरला वटला. राहिले 8 डिसेंबर आणि 8 जानेवारी, दोन्ही 60,000 चे, बाकी 1,20,000. म्हणजे आता चेक आणि येणं रुपयाला रुपया जुळतंय. 8 डिसेंबरला सोमवार आहे, बँक चालू. गुरुवारी 4 तारखेला मी स्वतः फोन करीन. समुद्रात असाल आणि रेंज नसेल तर वहिनींना सांगून ठेवतो.