कॅप्शन असं लिहा की कोणी विचारूच नये

वीस सेकंदांची जाहिरात तयार आहे. सोफा साफ करून देण्याच्या सेवेची, असं धरून चालू. कळकट सोफा, मधोमध चिकटपट्टी, उजव्या अर्ध्यावर मशीन फिरतं, पट्टी निघते आणि एकाच सोफ्याचे दोन रंग दिसतात. शेवटी बादलीत काळंकुट्ट पाणी. बघणाऱ्याच्या मनात येतंच, "आपलाही एकदा करून घ्यायला हवा." इथे तुमची खरी कसोटी सुरू होते. त्याला हा विचार झटकून पुढच्या रीलवर पाठवायचं काम आता व्हिडिओ करणार नाही. ते कॅप्शन, हॅशटॅग आणि पिन केलेली कमेंट या तिघांच्या गळ्यात पडतं. चौकशी आली की उत्तरं द्यावी लागतात, वेळा ठरवाव्या लागतात, वर कामही करावं लागतं. नसती आफत.

रील चालू असताना कॅप्शनची जेमतेम एक ओळ दिसते, बाकीचं दाबून उघडावं लागतं. ती ओळ मोकळी सोडलीत तर तिथे चुकून कामाची गोष्ट येऊन बसेल. म्हणून तिथे लिहा, "नमस्कार मित्रांनो! आपल्या सेवेत सादर करत आहोत…" बस्स, ओळ संपली. सादर काय केलं हे आतल्या भुयारात. इन्स्टाग्राम २,२०० अक्षरं देतं, ती फुकट का घालवायची? आत ध्येयधोरण लिहा, 'ग्राहकांचं समाधान हाच आमचा आनंद' लिहा, आणि मग व्हिडिओत जे दिसलं तेच पुन्हा सांगा: सोफा आधी मळका होता, आता स्वच्छ आहे. बघणाऱ्याला डोळे आहेत यावर विश्वास ठेवू नका.

एक मात्र कटाक्षाने टाळा. व्हिडिओ बघताना माणसाला जी शंका येते, तिचं उत्तर कॅप्शनमध्ये देऊ नका. सोफ्याच्या बाबतीत शंका ठरलेल्या आहेत. किती वेळ ओला राहील? कापडाचा रंग जाईल का? लेदरला चालतं का? डाग जुना असेल तर? वीस सेकंदांत हे मावत नाही आणि व्हिडिओने ते सांगावं अशी अपेक्षाही नसते. ते कॅप्शनचं काम. तेवढंच तुम्ही करायचं नाही.

काही उतावीळ मंडळी नेमकं ते करतात. त्यांची पहिली ओळ असते, "सकाळी धुतला, संध्याकाळी बसता येतं. पण कापडी सोफा असेल तरच." आत दोन-तीन वाक्यं: लेदरचं काम घेत नाही, रंग सुटतो का हे आधी मागच्या बाजूला कोपऱ्यात तपासतो, शाईचा डाग फिका होतो, पूर्ण जाईलच असं नाही. बघा, स्वतःच्या तोंडाने 'नाही' म्हणतात! मग लोक भरवसा ठेवतात आणि लेदरवाले विचारत नाहीत. विचारणारे सगळे कापडी सोफेवाले निघाले, तर बिचाऱ्यांना नुसतं कामच करावं लागणार.

शेवटी 'आजच संपर्क साधा' लिहा. कशासाठी आणि कसा, हे गूढ ठेवा. खालती वेबसाइटचा लांबलचक पत्ता चिकटवा. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबली तरी उघडत नाही, त्यामुळे ज्याला खरंच गरज आहे तो कागदावर उतरवून घेईल. यूट्यूबनेही २०२३ सालापासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंक बंद केल्यात, म्हणजे तिथेही हीच सोय. त्या उतावळ्यांचं आमंत्रण मात्र फारच स्वस्त: "सोफ्याचा एक फोटो आणि तुमचा भाग मेसेज करा, खर्च कळवतो." यात माणसाला शब्द जुळवावे लागत नाहीत. बसल्या जागेवरून फोटो काढला की चौकशी झाली. इतकं सोपं करणं बरं नव्हे.

हॅशटॅगबद्दल फार डोकं चालवू नका. `#viral #trending #love #fyp` कुठेही चालतं, सोफ्यालाही. इन्स्टाग्रामने २०२१ साली स्वतः सुचवलं होतं की तीन ते पाच नेमके टॅग पुरेत, पण कंपनीला काय कळतं? यूट्यूबवर तर साठच्या वर टॅग टाकून बघा, तो सगळेच टॅग दुर्लक्षित करतो. मेहनत पूर्ण, परिणाम शून्य, यापेक्षा शुद्ध काय हवं? मराठी टॅग टाकायचाच असेल तर मध्ये जागा सोडा. `#सोफा सफाई` असं लिहिलंत की टॅग फक्त 'सोफा' एवढाच होतो आणि तुम्ही सोफे विकणाऱ्यांच्या गर्दीत जाऊन बसता. `#सोफासफाई` किंवा सोबत आपल्या भागाचं नाव जोडलेला टॅग लिहिणाऱ्यांना कमी लोक दिसतात, पण जे दिसतात ते शोधत आलेले असतात. त्यात मिरवण्यासारखं काय? तुम्ही व्ह्यूज मोजा. जिथे तुमचं मशीन कधी पोचणार नाही अशा गावांतून व्ह्यूज येत राहिले आणि मेसेज एकही नाही, की समजा टॅग अगदी बरोबर बसलेत.

आता पिन केलेली कमेंट. ही सगळ्यांच्या वर राहते, म्हणजे कमेंट उघडणारा प्रत्येक जण आधी ती वाचणार. तिथे चुलतभावाचं "एक नंबर, भावा!" पिन करा. घरातल्यांना बरं वाटतं. आणि खाली तोच प्रश्न चौथ्यांदा आला, "किती तासांत वाळतो?", तर प्रत्येकाला "इनबॉक्स बघा" एवढंच लिहा. अनोळखी खात्याचा मेसेज बऱ्याचदा 'रिक्वेस्ट'मध्ये जाऊन पडतो, त्यामुळे तो बघेलच असं नाही. उत्तर दिल्याचं समाधान तुम्हाला, न मिळाल्याचं त्याला.

उतावळी मंडळी इथेही घाई करतात. पहिल्या दिवसाच्या कमेंट वाचतात, जो प्रश्न जास्त येतो तो उचलतात आणि स्वतःच्या कमेंटमध्ये लिहून पिन करतात: "बऱ्याच जणांनी विचारलं: पंख्याखाली साधारण चार ते सहा तासांत वाळतो, पावसाळ्यात जास्त लागतात. तुमचा कापडी आहे की लेदर?" शेवटचा प्रश्न खोडसाळ आहे. एका शब्दात उत्तर देता येतं, म्हणून लोक देऊन बसतात, आणि दिलं की बोलणं सुरू झालंच. कॅप्शनमधलंच वाक्य पुन्हा चिकटवण्याचा शहाणपणा यांना सुचत नाही.

सवलत जाहीर केली असेल तर ती पिन करा आणि मुदत लिहू नका. ती संपल्यावर पिन काढायचीही नाही. चार महिन्यांनी कोणीतरी विचारेल, "अजून चालू आहे का?" त्याला लाईक द्या आणि उत्तर देऊ नका.