‘गिधाडं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

प्रतिक्रिया: “चिता थंड व्हायच्या आत दारात जाऊन उभे राहणारे तुम्ही पत्रकार म्हणजे गिधाडं. माहिती हवी तर पोलिसांकडून घ्या, घरच्यांना सोडा. रडणाऱ्या माणसाची संमती ही संमती असते का? आणि लेख किती लांब!”

मृताच्या घरी जाऊन बातमी करण्यावरचा माझा लेख लांबला, मान्य. पण ‘गिधाडं’ हा शब्द मी सोडून देणार नाही. नाव न लिहिता असा शब्द फेकायला काही लागत नाही. मी नाशिक जिल्ह्यात गुन्हे आणि अपघातांच्या बातम्या केल्या आहेत, निफाड-दिंडोरीच्या गावांतल्या घरांत सतरंजीवर बसलो आहे. तुम्ही कुठल्या घरात बसला होतात, तेही लिहायचं होतं.

‘पोलिसांकडून घ्या’ म्हणता, तर ते कसं असतं ते ऐका. द्राक्षबागायतदार शेतकऱ्याने आत्महत्या केली, असं धरा. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. नाव आधारवरचं लागतं, गाव त्याला वेगळ्याच नावाने ओळखतं. वय अंदाजे. कारणाच्या जागी कुणा शेजाऱ्याने सांगितलेलं ‘घरगुती वाद’ किंवा ‘दारूचं व्यसन’. सिव्हिलला शवविच्छेदन चालू असतानाच हे शब्द बातमीत जातात आणि दुसऱ्या दिवशी विधवेच्या माथी बसतात. कर्जबाजारीपणामुळे झालेल्या आत्महत्येत शासन १ लाखाची मदत देतं, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेव म्हणून. कुटुंब पात्र की अपात्र हे समिती कागदांवरून ठरवते, बातमीवरून नाही. पण ‘दारू’ छापून आल्यावर सोसायटीची थकबाकी, बँकेची नोटीस आणि सातबारा गोळा करायला त्या बाईसोबत तहसीलला जायला भाऊकीतलं कोण उठेल?

आणि ‘त्यांच्या पश्चात’ ही ओळ. ती पोलिसांच्या कागदावरून कधीच नीट लिहिता येत नाही. म्हातारी आई सुटते, सासरी असलेली मुलगी सुटते, पहिल्या बायकोचा मुलगा सुटतो. बातमीतल्या इतर चुका लोक विसरतात, ही नाही. घरातल्या दोन वेगवेगळ्या माणसांकडून ती ओळ ताडून घ्यावीच लागते. त्यासाठी दार गाठावं लागतं.

कसं गाठायचं, तेही सांगतो. पहिल्या दिवशी थेट घरी फोन नाही. पोलीस पाटील किंवा मेहुणा, चुलतभाऊ असा धावपळ करणारा माणूस गाठायचा, नाव-वय-पश्चात एवढंच विचारायचं आणि निघायचं. सविस्तर बोलायचं तर तेराव्यानंतर. एकट्याने जायचं, कॅमेरा पिशवीत. बसल्यावर आधी सांगायचं की कोण, कशासाठी आलो, कुठे छापून येईल आणि नको म्हणालात तर लगेच उठेन. वही विचारल्यावरच काढायची. ‘कसं वाटतंय’ विचारायचं नाही; ‘बागेत कोणतं काम ते स्वतःच करायचे?’ विचारलं की माणूस बोलतो. दीर आणि सासरे समोर असतील तर विधवा गप्प राहते. त्या गप्पपणाला होकार समजू नये. नणंद नाही, विधवेच्या माहेरची कुणी बाई सोबत घेऊन वेगळ्या खोलीत बसावं. मुलांना प्रश्न नाहीत.

फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून उचलायचा नाही. कोणता द्यायचा हे घरच्यांनी ठरवावं. भिंतीवरची तसबीर काढून न्यायची नाही, कधी कधी ती एकच प्रत असते. तिथेच मोबाइलमध्ये टिपून घ्यायची.

छापताना कर्जाचा आकडा कागद पाहिल्याशिवाय लिहीत नाही. चिठ्ठीतला मजकूर, मृत्यूची पद्धत, मुलांची नावं आणि शाळा, हे घरच्यांनी आपणहून सांगितलं तरी बाहेर राहतं. पद्धत वाचून दुसरा कुणी तेच करू शकतो, म्हणून प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये ती देऊ नका असं सांगितलं. एकच कारण ठामपणे लिहायचं नाही. कर्ज, बेदाण्याला न मिळालेला भाव, आजारपण, जे कागदावर आणि दोघांच्या तोंडी आहे ते शेजारी शेजारी ठेवायचं. खाली टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यायचा. छापायच्या आदल्या संध्याकाळी त्यांची वाक्यं फोनवर त्यांनाच वाचून दाखवायची. पूर्ण लेख नाही, फक्त त्यांच्या तोंडची वाक्यं. ‘हे काढा’ म्हणाले तर काढायचं.

संमतीबद्दलचं तुमचं वाक्य वाद घालण्यासाठीच लिहिलंय असं वाटतं, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. वर जे लिहिलंय त्यात दोनदा विचारणं आहे आणि दुसऱ्यांदा विचारेपर्यंत दिवस गेलेले असतात. पुढच्या वेळी मुद्दा मांडायचा असेल तर नाव लिहून मांडा, मी सविस्तर बोलेन. पुन्हा तोच शब्द आला तर प्रतिक्रिया काढून टाकेन.