मेलेलं जनावर पुरताना विहिरीची भाद्रपदातली पातळी विचारा

जनावर दगावलं की जेसीबी बोलवायचा आणि "दहा फूट घे, खोल तेवढं बरं" म्हणायचं, ही आपल्याकडची सवय मला पटत नाही. मराठवाड्यात वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. विहिरीला पाझर येतो तो बहुतेक या मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, मुरमात सरसर पळतं. म्हणजे हौसेनं खोल गेलात की जनावर थेट विहिरीच्या वाटेवर ठेवलंत.

एप्रिलात विहीर तळाला गेलेली असते, म्हणून धोका दिसत नाही. तीच विहीर भाद्रपदात बारा फुटांवर येत असेल, तर खड्ड्याचा तळ नऊ फुटांखाली नको. पाणी सगळ्यात वर चढतं त्या पातळीच्या वर निदान तीन फूट कोरडी जमीन हवी. जागा विहीर-बोअरपासून शंभर मीटर तरी लांब, उताराच्या खालच्या अंगाला आणि ओढ्यापासून दूर. खड्डा घेतल्यावर तासभर थांबा. भिंतीला ओल सुटली किंवा तळात पाणी जमलं, तर तो बुजवा आणि दुसरीकडे घ्या.

साडेतीनशे किलोची लालकंधारी गाय धरा. आठ फूट लांब, पाच रुंद, सात खोल पुरे. कुशीवर निजवली की अडीच फूट जागा जाते, वर साडेचार फूट माती बसते. उतरवण्याआधी डाव्या कुशीत पोटाला भोक पाडा. नाहीतर दोन-तीन दिवसांत पोट फुगून माती उचलली जाते, भेगा पडतात आणि कुत्री उकरतात.

चुना थेट अंगावर ओतू नका, त्यानं कुजणं मंदावतं. आधी दीड फूट माती, मग पोतंभर चुना, मग उरलेली माती. मिठाचं तर नावच नको. मीठ मांस टिकवतं आणि पाझरून पाणी खारट करतं. दावं, उष्टा चारा, रक्त-लाळ सांडलेली मातीही त्याच खड्ड्यात टाका. माती धुम्मस करून ठोकू नका, दीड-दोन फुटांचा उंचवटा ठेवा आणि वरच्या अंगाला चर काढा. काही महिन्यांनी तो खचतोच. मृगाआधी भर घाला, नाहीतर पहिल्या पावसाचं पाणी तिथंच साचून खाली झिरपेल.

हे सगळं एका ठिकाणी बदलतं. धडधाकट जनावर अचानक मेलं, नाका-गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलं, अंग नीट ताठलं नाही, तर फाशी रोग समजा. तिथं पोटाला भोक नाही, कातडं सोडवणं नाही, चुनाही नाही. रक्ताला हवा लागली की जंतू बीजाणू धरतात, ते मातीत वर्षानुवर्षं जगतात आणि चुन्यातलं कॅल्शियम त्यांना टिकायला मदतच करतं. ट्रॅक्टरला बांधून फरफटत नेलंत, तर वाटभर तेच पेरत जाल. पशुवैद्यक येईपर्यंत जनावर जागचं हलवू नका आणि कुत्र्यांना जवळ फिरकू देऊ नका.

विमा असेल तर कानातला बिल्ला पंचनाम्याआधी काढू नका.