दोन टोकं तीच, मग व्होल्टेज दोन कसे?

बारावीच्या विद्युत चुंबकीय प्रवर्तनाच्या धड्यात एक चित्र फळ्यावर हमखास निघतं. तारेचं वेटोळं, त्यातून जाणारा बदलता फ्लक्स आणि वेटोळ्याच्या एका बाजूला गुपचूप काढलेली छोटीशी बॅटरी. बॅटरी काढली की गणित झटपट सुटतं, मार्क मिळतात. पण ती बॅटरी त्या तारेत कुठेच नसते, आणि ती काढल्यामुळे या धड्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मुलांच्या नजरेआड जाते. माझं ठाम मत आहे की हे चित्र शिकवणं बंद करायला हवं. कारण सांगतो, जरा निवांत वाचा.

आधी स्थिर विद्युतप्रभारांचं क्षेत्र घेऊ. सिंहगडावर आतकरवाडीच्या पायवाटेने चढा किंवा डोणज्याच्या घाटरस्त्याने जा, वर पोचल्यावर उंची तीच. खाली मूळ जागी परत आलात की चढ-उताराची बेरीज शून्य. स्थिर प्रभारांचं क्षेत्र असंच वागतं, म्हणून प्रत्येक जागेला एक आकडा देता येतो. त्यालाच आपण विभव म्हणतो. दोन जागांच्या आकड्यांतला फरक म्हणजे विभवांतर, आणि तिथे कोणत्या वाटेने गेलात हे कुणी विचारत नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे एवढंच.

आता एक लांब, गोल कॉइल घ्या आणि तिच्यातला फ्लक्स सेकंदाला 1 वेबर या दराने बदलता ठेवा. फॅरेडेच्या नियमानुसार कॉइलभोवती घातलेल्या कोणत्याही एका फेरीची बेरीज 1 व्होल्ट येते. फेरी लहान असो, मोठी असो, वेडीवाकडी असो. कॉइलच्या मध्यापासून 10 सेंटिमीटरवर वर्तुळाचा परीघ सुमारे 0.63 मीटर आहे, म्हणजे तिथलं क्षेत्र मीटरला 1.6 व्होल्ट. 20 सेंटिमीटरवर परीघ दुप्पट, क्षेत्र निम्मं. हे क्षेत्र कुठल्या प्रभारापासून सुरू होत नाही की कुठल्या प्रभारावर संपत नाही. ते कॉइलभोवती नुसतं गोल फिरतं.

इथे एक गंमत आहे आणि माझ्या मते धड्याचा जीव तिच्यातच आहे. कॉइलच्या बाहेर चुंबकीय क्षेत्र जवळजवळ शून्य असतं. तिथे कॉइलला न वेढणारी एक वाट आखून बघा. 10 सेंटिमीटरच्या वर्तुळावर पाव फेरी, मग सरळ बाहेर 20 सेंटिमीटरपर्यंत, मोठ्या वर्तुळावर उलट दिशेने पाव फेरी, आणि परत आत. आतल्या पाव फेरीत 0.25 व्होल्ट मिळाले. बाहेरच्या पाव फेरीत क्षेत्र निम्मं पण वाट दुप्पट, म्हणून तिथे 0.25 व्होल्ट परत गेले. सरळ तुकड्यांत क्षेत्र वाटेला काटकोनात आहे, तिथे काहीच नाही. बेरीज शून्य! म्हणजे बाहेरच्या भागात कुठेही छोटा तुकडा तपासला तर हे क्षेत्र अगदी शहाण्यासारखं, कॉन्झर्व्हेटिव्ह क्षेत्रासारखं वागतं. कॉइलला वेढा घातला की मात्र 1 व्होल्ट. 'जिथे चुंबकीय क्षेत्रच नाही तिथे फॅरेडेचा नियम कशाला लागेल' असं मुलं विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की नियम वाटेवर काय आहे ते विचारत नाही, वाटेने काय वेढलंय ते विचारतो.

हे कागदावर राहू नये म्हणून एक प्रयोग सांगतो. याच धर्तीची मांडणी रॉबर्ट रोमर यांनी 1982 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये सविस्तर तपासली होती. मी आपल्याकडे सहज मिळेल अशा सामानात सांगतो. रिवाइंडिंगच्या दुकानात साधारण एक केव्हीएचा जुना स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर मिळतो. सेकंडरी काढून टाकलेला घ्या, म्हणजे कोअरच्या लोखंडी पत्र्यांत मधल्या दांड्याच्या दोन बाजूंना असलेल्या खिडक्यांत जागा राहते. मधल्या दांड्याचं क्षेत्रफळ सुमारे 37 चौरस सेंटिमीटर असेल आणि कोअर 1.2 टेस्लापर्यंत जात असेल, तर 50 हर्ट्झवर एका वेढ्याला जवळपास 1 व्होल्ट पडतो. दुकानातला माणूस हेच 'टर्न्स पर व्होल्ट'च्या भाषेत सांगेल. प्रायमरीला 230 व्होल्ट आहेत, तेव्हा तिची टोकं नीट झाकून घ्या आणि तारांना हात लावण्याआधी प्लग काढा.

आता मधल्या दांड्याभोवती तारेचा एकच वेढा घ्या. त्यात पुढच्या बाजूला 900 ओहमचा रेझिस्टर आणि मागच्या बाजूला 100 ओहमचा. डाव्या खिडकीतल्या तारेवरच्या बिंदूला क म्हणू, उजव्या खिडकीतल्या बिंदूला ख. वेढ्याला 1 व्होल्ट, एकूण रोध 1000 ओहम, म्हणून प्रवाह 1 मिलिअँपिअर. बॅटरीवर चालणारा एक मल्टिमीटर पुढे ठेवून त्याच्या तारा पुढूनच दोन्ही खिडक्यांत नेऊन क आणि ख ला लावा. दुसरा मल्टिमीटर मागे ठेवा, त्याच्या तारा मागून आणून त्याच क आणि ख ला लावा. टोकं तीच, क्षण तोच.

पुढचा मीटर 0.9 व्होल्ट दाखवेल. मागचा 0.1.

कोणाचाच मीटर बिघडलेला नाही. पुढच्या मीटरच्या तारा आणि 900 ओहमचा रेझिस्टर मिळून जी वाट बंद होते, तिच्या पोटात मधला दांडा येत नाही. त्या वाटेची बेरीज शून्य, म्हणून मीटर रेझिस्टरवरचे 0.9 व्होल्ट इमानदारीत दाखवतो. मागच्या मीटरचंही तसंच, 100 ओहमशी. शिवाय चिन्हंही उलट आहेत. प्रवाह गोल फिरतोय, म्हणजे पुढच्या रेझिस्टरमध्ये तो क कडून ख कडे गेला तर मागच्यात ख कडून क कडे येतो. एसीवरचा मल्टिमीटर चिन्ह दाखवत नाही, पण खरा हिशेब +0.9 आणि -0.1 असा आहे. दोहोंतला फरक 1 व्होल्ट, बरोबर एका वेढ्याचा.

'कोअरमधून फ्लक्स बाहेर सांडत असेल, लीकेज असेल', 'तारांत काहीतरी पिकअप होत असेल' ही शंका हमखास येते. ती तपासायची रीत सोपी आहे. मीटर पुढेच ठेवून तारा वर-खाली हलवा, सैल सोडा, पिळा. आकडा मिलिव्होल्टांत हलेल, तेवढंच लीकेज. आता तारा सोडवून मागून घाला. आकडा एकदम 0.9 वरून 0.1 वर जातो, मधलं काही लागत नाही. लीकेजमुळे असं होत नसतं.

आमच्या इंजिनिअर मित्रांचं म्हणणं इथे प्रामाणिकपणे मांडायला हवं, कारण ते चुकीचं नाही, अर्धं आहे. ते म्हणतात, अर्ध्या वेढ्यात 0.5 आणि उरलेल्या अर्ध्यात 0.5 अशा दोन बॅटऱ्या धरा, मग क आणि ख मधलं 'खरं' व्होल्टेज 0.9 वजा 0.5, म्हणजे 0.4 येतं. दुसऱ्या बाजूने -0.1 अधिक 0.5, तेही 0.4. छान जुळतं. तारेतल्या एकूण क्षेत्राचे दोन भाग करता येतात, एक साचलेल्या प्रभारांचा आणि एक बदलत्या फ्लक्सचा, आणि 0.4 हा पहिल्या भागाचा आकडा आहे. पण तो येतो तो वेढा बरोबर निम्मा-निम्मा धरल्यामुळे. मांडणी तशी सममित नसेल, क आणि ख जरा सरकवले, तर 0.4 चे 0.3 किंवा 0.55 होऊ शकतात, आणि मीटरचे 0.9 आणि 0.1 मात्र जागचे हलत नाहीत. शिवाय आपल्या लोखंडी कोअरभोवती क्षेत्राची नेमकी वाटणी कशी आहे हे आधी काढावं लागेल. हिशेबाला सोयीचा आकडा म्हणून 0.4 वापरा, जरूर वापरा. 'खरं व्होल्टेज' ही पदवी त्याला देऊ नका.

बंद वाटेवरच्या व्होल्टेजची बेरीज शून्य असं सांगणारे आपले नियम किरचॉफने 1845 मध्ये मांडले आणि रोजच्या सर्किटमध्ये ते चालतात, कारण फ्लक्स ट्रान्सफॉर्मरच्या पोटात कोंडलेला असतो आणि आपण बाहेरच्या टोकांवर मोजतो. वाट कोअरला वेढत नाही तोवर प्रश्नच येत नाही. ही अट वर्गात मोठ्याने सांगितली पाहिजे. ती न सांगता 'लूपची बेरीज शून्य' पाठ करून घेणं आणि दोन महिन्यांनी फॅरेडे शिकवणं, यात मुलांच्या डोक्यात दोन परस्परविरोधी वाक्यं शेजारी-शेजारी बसतात.

विभव नावाचा आकडा इथे का टिकत नाही, याचा आणखी एक पुरावा बीटाट्रॉनमध्ये, म्हणजे बदलत्या फ्लक्सने इलेक्ट्रॉनला गोल फिरवत वेग देणाऱ्या यंत्रात आहे. डोनाल्ड कर्स्ट यांनी 1940 मध्ये इलिनॉय विद्यापीठात पहिला चालता बीटाट्रॉन उभा केला. पुढे आलेल्या 100 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या यंत्रात इलेक्ट्रॉन 84 सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत. 4.2 मिलिसेकंदांत फ्लक्स 1.8 वेबरने वाढे, म्हणजे एका फेरीला सरासरी 430 व्होल्टच्या आसपास. अशा दोन लाखांहून जास्त फेऱ्या, सुमारे 1200 किलोमीटरची वाटचाल. त्या नळीत कुठल्याही दोन इलेक्ट्रोडमध्ये 10 कोटी व्होल्ट नव्हते. प्रत्येक फेरीनंतर इलेक्ट्रॉन त्याच जागी येई आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त ऊर्जा घेऊन येई. त्या जागेला एकच आकडा द्यायचा म्हटलं तर कोणता देणार?

तेव्हा शिक्षक मित्रांना एक मागणं. परीक्षेत 'क आणि ख मधलं विभवांतर काढा' असा प्रश्न या धड्यात विचारायचाच असेल तर आकृतीत मीटरच्या ताराही काढा, त्या कोअरच्या कोणत्या बाजूने जातात ते दिसू द्या. त्याशिवाय प्रश्नाला उत्तरच नाही. आणि प्रयोग मांडलाच असेल तर सोडण्याआधी एक गोष्ट करून बघा. पुढच्या मीटरची एक तार ख ला लावण्याआधी मधल्या दांड्याभोवती आणखी एक वेढा देऊन आणा. एका दिशेने दिलात तर 1.9, दुसऱ्या दिशेने दिलात तर मागच्या मीटरचाच 0.1. आणखी एक वेढा दिलात तर 2.9 किंवा 1.1. क आणि ख ला कुणी हातही लावलेला नसतो.