कुलूप लावणारी आई आणि दुभाषा मुलगा

आम्ही जर्मनीत राहतो. मुलगा तिसरीत आहे आणि त्याचे जर्मन माझ्यापेक्षा कितीतरी पुढे गेले आहे. मी दुकानात, डॉक्टरकडे निभावून नेते. सरकारी पत्र आले की मात्र शब्दकोश उघडते. वर्षभरापूर्वी एका नातलगाचा वापरलेला आयपॅड आमच्या घरी आला. त्याची भाषा जर्मन होती आणि अभ्यासाला बरी पडेल म्हणून आम्ही ती तशीच ठेवली. त्या निर्णयाबद्दल माझी आजही तक्रार नाही. चूक झाली ती पुढे, वेळेचे बंधन घालताना, कारण ते बंधन मी मुलाला शेजारी बसवून, त्याच्याकडून पडदा वाचून घेत घातले.

पहिला गोंधळ माझा एकटीचा. सेटिंग्जमध्ये जांभळ्या चौकोनात वाळूचे घड्याळ दिसते, तिथे ‘Bildschirmzeit’, म्हणजे पडद्यासमोरचा वेळ. त्यात ‘Auszeit’ असा एक शब्द होता. शब्दकोशाने त्याचा अर्थ विश्रांती, विराम असा दिला. अभ्यासातून विराम म्हणजे खेळायची वेळ, असे मी गृहीत धरले आणि तिथे संध्याकाळी ५ ते ६.३० ही वेळ भरली. दुसऱ्या दिवशी बरोबर पाचच्या ठोक्याला खेळांची सगळी चिन्हे काळवंडली. विराम मुलाला नव्हता, टॅबला होता. ‘Auszeit’मध्ये जी वेळ भरावी त्या वेळात टॅब बंद राहतो, म्हणून तिथे रात्री ८ ते सकाळी ७ अशी वेळ हवी होती. ही चूक निदान लगेच दिसली आणि आम्ही हसून ती दुरुस्त केली.

दुसरी चूक तीन आठवडे दिसलीच नाही. ‘App-Limits’मध्ये मी खेळांच्या गटाला रोजचा एक तास ठरवून दिला. त्याच पानावर खाली एक बटण होते: ‘Am Ende des Limits blockieren’. मी विचारले, "हे काय रे?" तो म्हणाला, "आई, हे लावलं तर वेळ संपली की ब्लॉकच होतं. मग काहीच करता येत नाही." मला वाटले, गणिताचा गृहपाठही याच टॅबवर असतो, तो मध्येच अडकायला नको. मी ते बटण बंद ठेवले. त्याचे भाषांतर अगदी बरोबर होते, शब्दाला शब्द. फक्त ते बटण खेळांच्या त्या एका गटापुरतेच होते आणि गृहपाठाशी त्याचा काही संबंध नव्हता, हे त्याने सांगितले नाही आणि मला विचारायचे सुचले नाही. नऊ वर्षांच्या मुलाला यात लबाड म्हणावे असे मला वाटत नाही. आपल्याच हातकडीची किल्ली कुठे ठेवायची, हे त्याला विचारणारी मी होते.

ते बटण बंद असले की तासाची मर्यादा ही नुसती आठवण उरते. वेळ संपली की वाळूचे घड्याळ पडद्यावर येते आणि खाली ‘Limit ignorieren’, म्हणजे मर्यादेकडे दुर्लक्ष करा, असे लिहिलेले असते. त्यावर बोट टेकवले की पंधरा मिनिटांनी पुन्हा आठवण करू की आजचा दिवस सोडून देऊ, असे विचारले जाते. या बंधनासाठी ठरवलेला चार आकडी कोड कुणी मागत नाही. मी लांबून ते घड्याळ पाहायची, समाधानाने स्वयंपाकघरात वळायची, आणि माझ्यामागे खेळ पुन्हा सुरू व्हायचा.

हे उघडकीला आले ते आलेखामुळे. त्याच वाळूच्या घड्याळाच्या पानावर सर्वांत वर दिवसवार उभे पट्टे असतात आणि त्यांच्याखाली प्रत्येक ॲपसमोर तास-मिनिटे लिहिलेली असतात. तिथे भाषा लागते ती ‘Std.’ म्हणजे तास आणि ‘Min.’ म्हणजे मिनिटे एवढीच. एका शनिवारी एकाच खेळासमोर ‘3 Std. 10 Min.’ दिसले. एक तासाची मर्यादा असताना तीन तास दिसतात, तेव्हा मर्यादा लागलेली नाही हे कळायला जर्मन यावे लागत नाही.

तेव्हापासून मी एक चाचणी करते, आणि कोणत्याही परक्या भाषेतल्या टॅबवर ती करून पाहावी असे माझे मत आहे. एखाद्या खेळाला एका मिनिटाची मर्यादा द्यावी, मूल झोपल्यावर तो खेळ स्वतः उघडावा आणि मिनिट संपू द्यावे. घड्याळ आले की पडद्यावर जी बटणे दिसतील ती एकेक करून दाबावीत. एका वाढीव मिनिटाची सवलत मिळते, तिला मोजू नये. त्यापलीकडे कोड न विचारता खेळ उघडला, तर कुलूप नुसते लटकवलेले आहे. हा कोड टॅब उघडण्याच्या कोडपेक्षा वेगळा हवा, हे सांगायला नको. पण आमच्याकडे दोन्ही एकच होते, म्हणून सांगते.

खरा उपाय मात्र टॅबवर नव्हताच. टॅब आजवर नवऱ्याच्या खात्यावर चालत होता. आम्ही मुलाचे वेगळे खाते काढून ते कुटुंबाच्या गटात घेतले. त्यानंतर मुलाच्या टॅबचे सगळे नियम माझ्या आयफोनवर, मुलाच्या नावाखाली दिसू लागले, आणि तेही माझ्या फोनच्या भाषेत. त्याचा टॅब जर्मनच राहिला. मी ऑफिसच्या गाडीत बसून, कुणालाही शेजारी न बसवता, वेळ संपल्यावर अडवणारे ते बटण लावले. आता त्याने जास्त वेळ मागितला की विनंती माझ्या फोनवर येते आणि १५ मिनिटे, एक तास किंवा दिवसभर यांतले काय द्यायचे ते मी ठरवते.

यातली अडचण अशी, की पालकाकडेही ॲपलचेच उपकरण लागते. तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर हा मार्ग बंद. मग टॅबचीच भाषा तेवढ्यापुरती बदलावी: करड्या दातेरी चाकाचे ‘Allgemein’ म्हणजे सर्वसाधारण, त्यात ‘Sprache & Region’ म्हणजे भाषा आणि प्रदेश. तिथे प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतःच्या लिपीतही असते, त्यामुळे ‘मराठी’ चटकन सापडते, मात्र त्यासाठी आयपॅडओएसची २०२५ साली आलेली १८.४ किंवा त्यानंतरची आवृत्ती हवी. नियम लावून भाषा परत जर्मन केली तरी नियम पुसले जात नाहीत. टॅब अँड्रॉइड असेल तर काम सोपे आहे, कारण गूगलचे फॅमिली लिंक हे नियम लावायचे ॲप पालकाच्या दोन्ही प्रकारच्या फोनांवर चालते.

मुलाच्या टॅबची भाषा शाळेची असावी, याला माझा आक्षेप नाही. पालकांना ती वाचता येत नसेल, तर नियमांचा पडदा तरी त्यांना वाचता येणाऱ्या भाषेत असला पाहिजे, आणि दुभाषा म्हणून घरातला तिसरा कुणीही चालेल, पण ज्याच्यासाठी नियम आहे तो नको.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो नाशिकला आजी-आजोबांकडे जाणार आहे. टॅब तिथल्या घड्याळाने चालेल, म्हणजे तिथे रात्री आठ वाजता तो बंद होईल तेव्हा इथे दुपारचे साडेचार झालेले असतील आणि मी मीटिंगमध्ये असेन. आजोबांनी आत्ताच फोनवर विचारले, "ते जर्मन अक्षर मला कोण वाचून दाखवणार?" माझ्या शेजारून चिरंजीव म्हणाले, "मी दाखवेन ना, आबा!" मी आबांना सांगितले आहे की वाचायचे काहीच नाही, वाळूचे घड्याळ दिसले की टॅब कपाटावर ठेवायचा आणि कोड तुम्हाला ठाऊकच नाही असे म्हणायचे. खोटे बोलावे लागू नये, म्हणून तो मी त्यांना दिलेलाच नाही.