माणूस चांगलाय का, एवढंच विचारलं तर काय सांगणार?

काल रात्री चिंचवडला टपरीबाहेरच्या कट्ट्यावर बसलो होतो. संदीपने ग्रुपवर एक रेझ्युमे टाकला, पीडीएफ, खाली एकच ओळ, "माणूस चांगलाय का?" संदीप चाकणला मशीनिंगच्या कंपनीत क्वालिटी हेड आहे, त्याला एक क्वालिटी इंजिनिअर हवाय. मी स्वतः चौदा वर्षं क्वालिटीत काढलीत आणि निलेश एचआरमध्ये आहे, म्हणून आम्हालाच विचारलं.

निलेशने दोन मिनिटांत निकाल दिला. "नको. डिप्लोमा आहे, तीन नोकऱ्या, त्यातली पहिली फक्त सात महिन्यांची. टिकणारा दिसत नाही."

मला हे अजिबात पटलं नाही. म्हटलं, निल्या, सात महिने बघितलेस पण ती नोकरी काय होती ते वाचलंस का? लाइन इन्स्पेक्टर, कॉन्ट्रॅक्टरमार्फत. आपल्याकडे २४० दिवस भरायच्या आत ब्रेक देतात म्हणून पोरं सात-सात महिन्यांवर लागतात, ती त्याने सोडलेली नाही, संपलेली आहे. आणि पुढे एकाच ठिकाणी साडेतीन वर्षं काढलीत की त्याने.

निलेश जरा थांबला, म्हणाला, "बरं, ते धर सोडून. पण मग चांगला कशावरून?"

मी संदीपला उलटं विचारलं, की तुला माणूस कशासाठी पाहिजे ते आधी सांग. तो म्हणाला, क्वालिटीसाठी. अरे पण क्वालिटीत काय? नवीन कस्टमरचा पार्ट येणार असेल तर पीपॅपची कागदपत्रं कस्टमरकडून मंजूर करून आणणारा माणूस लागतो, आणि चालू लाइनवर रोज रिजेक्शन निघत असेल तर मशीनपाशी उभं राहून कारण शोधणारा लागतो. एकाच रेझ्युमेला पहिल्या कामासाठी नाही आणि दुसऱ्यासाठी हो असं उत्तर येऊ शकतं. तेव्हा कुठे संदीप म्हणाला की पातळ भिंतीच्या बेअरिंग हाउसिंगचं बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, सारखं रिजेक्ट होतंय, दोन महिने झाले, असेंब्लीवाले माल परत पाठवतायत. हेच आधी लिहिलं असतंस तर अर्धा तास वाचला असता लेका!

आता त्याच नजरेने पुन्हा वाचलं. वरती सगळं नेहमीचं होतं, टीम प्लेयर, सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट, सेव्हन क्यूसी टूल्स, पन्नास रेझ्युमेंत पन्नास वेळा दिसतं, त्याला मी शून्य मार्क देतो. पण दुसऱ्या पानावर तळाला एक ओळ होती: रिंगच्या बोअरचं रिजेक्शन ३.८ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर, सहा महिन्यांत, तीन जॉच्या चकमध्ये पार्ट दबत होता म्हणून सॉफ्ट जॉ बोअर करून घेतले.

मला ही एकच ओळ पुरेशी वाटली. नुसतं "रिजेक्शन ७० टक्के कमी केलं" असं लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं, कारण कशावरून कशावर ते कळत नाही, दहा पीसचे तीन झाले तरी ७० टक्केच. इथे सुरुवात आहे, शेवट आहे, कारण आहे, उपाय आहे, आणि उपाय कारणाला लागू पडतो. पातळ रिंग चकच्या तीन जबड्यांनी, म्हणजे जॉनी, तीन ठिकाणी आवळली की आत दबते, त्या अवस्थेत बोअर गोल कापलं जातं, आणि जॉ सोडल्यावर रिंग परत फुगते नि बोअर तीन कोपऱ्यांचं होतं. सॉफ्ट जॉ, म्हणजे कापता येणारे मऊ जबडे, पार्टच्या मापाला आतून गोल कापून घेतले की पकड पूर्ण गोलाईवर पसरते.

मंदार इतका वेळ गप्प होता, तो म्हणाला, "हे दुसऱ्याने केलेलं असेल, याने फक्त लिहिलं असेल तर?"

बरोबर आहे, आणि रेझ्युमेवरून ते कधीच कळणार नाही. म्हणून मी संदीपला सांगितलं की "हो" म्हणू नको, "बोलव" म्हण, आणि पहिला प्रश्न एकच विचार, बोअर गोल नाही हे तुला कशावर दिसलं? साध्या दोन पॉइंटच्या बोअर डायल गेजवर हा तीन कोपऱ्यांचा दोष दिसतच नाही, कसंही फिरवा, व्यास जवळपास सारखाच येतो. ज्याने खरंच काम केलंय तो सांगेल की डायलवर ओके दाखवत होतं आणि असेंब्लीत जात नव्हतं, मग तीन पॉइंटच्या गेजवर किंवा राउंडनेस टेस्टरवर बघितलं. जो डायल गेजवर पकडलं म्हणेल, त्याला अजून दोन प्रश्न विचार.

निलेशचं तरी म्हणणं की डिप्लोमावाल्याला वरून मंजुरी मिळायची नाही, डिग्रीच मागतात. यावर आमचं जोरात वाजलं. बोअर पकडायला डिग्री कुठे लागते सांग मला! ती अट कामातून आलेली नाही, फॉर्ममधून आलेली आहे, आणि संदीपने वर जाऊन तेवढं भांडायलाच पाहिजे. निलेश शेवटपर्यंत मानला नाही.

चहा संपेपर्यंत संदीपने त्या पोराला मेसेज टाकला होता, शनिवारी अकरा वाजता ये. मग मी त्याला विचारलं, तुमच्याकडे ते बोअर कशावर मोजतात रे? डायल गेजवरच मोजत होते.