ईक्यूसीआरची सही शेवटच्या रात्री नको

पणजीत ऑडिटचं काम करता करता केस पिकले, तरी एका फॉर्मचा राग अजून जात नाही. ईक्यूसीआरचा फॉर्म, म्हणजे लिस्टेड कंपनीच्या ऑडिटवर टीमबाहेरच्या अनुभवी पार्टनरने केलेल्या तपासणीची नोंद. रिव्ह्यूला आलेल्या फाईलींत तो उघडला की बहुतेकदा एकच चित्र दिसतं: सगळ्या रकान्यांत ‘होय’, आणि तारीख ऑडिट रिपोर्टचीच. नियम म्हणतो की ही तपासणी पूर्ण झाल्याशिवाय रिपोर्ट द्यायचा नाही. त्याच तारखेची सही नियमात बसते. पण त्या दिवशी चूक सापडलीच, तर ती निस्तरायला वेळ कुठे उरतो?

काही वर्षांपूर्वी एका फाईलवर तो टीमबाहेरचा पार्टनर मी होतो. कंपनीचे बार्ज मांडवीतून खनिज वाहायचे. खाणी बंद, बार्ज उभे. त्यांची पुस्तकी किंमत ४२ कोटी. त्यांच्यातून पुढे मिळणाऱ्या पैशाचं आजचं मूल्य कंपनीने १२ टक्के दराने ४६ कोटी काढलं होतं. ४२ पेक्षा जास्त, म्हणजे किंमत घटवायची गरज नाही. टीमने बेरजा तपासल्या, सूत्रं तपासली, हिरवी टिक केली. काम नीटनेटकं होतं.

मी एवढंच विचारलं, "वाहतूक येत्या पावसाळ्यानंतर सुरू होणार, हे कशावरून?"

"मॅनेजमेंटचं लेखी पत्र आहे, सर."

एसए ५८० प्रमाणे नुसतं पत्र पुरेसा पुरावा ठरत नाही. लिलावात लीज कोणाला मिळाली, पर्यावरण मंजुरी कुठवर आली, वाहतुकीचा करार झालाय का, यातलं फाईलमध्ये काहीच नव्हतं. सुरुवात दोन वर्षं पुढे ढकलून, बाकी काही न बदलता, मी गणित पुन्हा करायला सांगितलं. दोन वर्षांसाठी १.१२ गुणिले १.१२, म्हणजे १.२५४४; ४६ भागिले १.२५४४, म्हणजे ३६ कोटी ६७ लाख. ४२ ला ५ कोटी ३३ लाख कमी.

उत्तर मी ठरवलं नाही, ठरवायचंही नसतं. निर्णय एंगेजमेंट पार्टनरचा. मीच ठरवू लागलो तर मी टीमचाच माणूस झालो. टीमने कागद मागवले. करार नव्हताच, मंजुरीही यायची होती. कंपनीशी वाद झाला, बोर्डाची बैठक पुढे गेली, आणि शेवटी ५ कोटी ३३ लाखांची घट हिशेबात आली. हे जमलं कारण फाईल माझ्याकडे रिपोर्टच्या तीन आठवडे आधी आली होती.

ऑडिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या एनएफआरएची तपासणी असो की पीअर रिव्ह्यू, माझा प्रश्न, टीमचं उत्तर आणि दोन्हींच्या तारखा फाईलमध्ये असायला हव्यात. रिपोर्टनंतरचे ६० दिवस फाईल जुळवून ठेवण्यासाठी असतात, नवा पुरावा घुसवायला नव्हे. मागाहून घातलेला कागद त्याच्या इलेक्ट्रॉनिक तारखेवरून लगेच ओळखू येतो.

फोंड्यात, मडगावात लिस्टेड कंपन्यांची ऑडिटं करणाऱ्या मित्रांनो, ईक्यूसीआर पार्टनरला नियोजनाच्या बैठकीलाच बोलवा, आणि अंदाजांवरचे कागद तयार होतील तसे त्याच्याकडे पाठवत जा.